वायफायच्या काड्या पूर्ण, तरी नेट नाही: एका लॅपटॉपमुळे उलगडलेले चार शब्द

मामांकडे नवा राउटर बसवला त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अगं, माझा मोबाइल चालतोय, मामीचा चालतोय, टीव्हीसुद्धा चालतोय. लॅपटॉपवर मात्र एक पान उघडत नाही. आणि वायफायच्या काड्या बघ, पूर्ण आहेत! मग अडलंय कुठं?"

प्रश्न अगदी रास्त होता. राउटरच्या सेटिंगच्या पानावर एसएसआयडी, गेटवे, सबनेट मास्क आणि डीएनएस असे चार शब्द दिसतात. नवखा माणूस ते एकाच नजरेत वाचतो आणि चारही 'वायफायचं काहीतरी' म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. चौघांपैकी कोण बिघडलं, त्यानुसार लक्षणंही वेगळी दिसतात. मामांच्या लॅपटॉपमध्ये हे चारही शब्द एकामागून एक समोर आले, म्हणून ते प्रकरण इथे जसं घडलं तसं सांगते.

आधी काय होतं, नंतर काय झालं

जुना राउटर बरीच वर्षं चालला आणि मग बंद पडला. नवा बसवायला आलेल्या माणसाला मामांनी एकच विनंती केली: वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तूंवर पुन्हा टाकत बसायला नको. त्यानं तसंच केलं. नाव होतं `Aangan`, आणि पासवर्ड जुनाच. राउटर सुरू झाल्याबरोबर घरातल्या सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या गेल्या. लॅपटॉपही जोडला गेला, पण त्याच्या वायफायच्या चिन्हाखाली 'इंटरनेट नाही' असं येत राहिलं.

मी पोहोचेपर्यंत मामांनी स्वतःच खटपट करून पाहिली होती. पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली: काहीही बदलण्याआधी लॅपटॉपमधले मूळ आकडे एका कागदावर उतरवून ठेवले. त्या कागदामुळे आमचा निम्मा वेळ वाचला. मी आधी ते आकडे परत टाकले आणि पहिल्या अवस्थेपासून बघायला सुरुवात केली.

लॅपटॉपवर विंडोज होतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig /all` दिलं, की वायफायच्या भागात बऱ्याच ओळी येतात. आपल्या कामाच्या एवढ्याच होत्या:

```
DHCP Enabled. . . . : No
IPv4 Address. . . . : 192.168.1.50
Subnet Mask . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . : 192.168.1.1
DNS Servers . . . . : 192.168.1.1
```

मग मामांच्या मोबाइलवर, तो त्याच वायफायवर असताना, ब्राउझरमध्ये `192.168.0.1` टाकून राउटरचं पान उघडलं. हा पत्ता राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर छापलेला होता. स्टेटसच्या पानावर हे दिसलं:

```
Wireless   SSID             Aangan

LAN        IP Address       192.168.0.1
           Subnet Mask      255.255.255.0

WAN        IP Address       100.72.14.9
           Subnet Mask      255.255.255.255
           Default Gateway  100.72.0.1
           DNS Server       100.72.0.53
```

दोन्ही चौकटी शेजारी ठेवून बघा. लॅपटॉपमध्ये सगळीकडे `192.168.1` आहे आणि राउटर मात्र `192.168.0` म्हणतोय. अख्खा बिघाड या एका आकड्यात आहे. पण तो बिघाड का, आणि काड्या पूर्ण असूनही तो का दिसत नाही, हे समजायला चारही शब्द क्रमानं घ्यावे लागतात.

एसएसआयडी: दारावरची पाटी

एसएसआयडी म्हणजे तुमच्या वायफायचं नाव, बाकी काही नाही. मोबाइलमध्ये वायफाय चालू केल्यावर आसपासच्या नावांची जी यादी येते, त्यातलं प्रत्येक नाव कुठल्या तरी राउटरवरचा एसएसआयडी असतो. राउटर तो हवेत सतत सांगत असतो आणि ऐकणाऱ्या वस्तू तो यादीत दाखवतात. सेटिंगच्या पानावर तो 'वायरलेस' किंवा 'वायफाय' या भागात मिळतो.

याला दारावरची पाटी म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटतं. पाटीवरून घर ओळखू येतं, पण पाटी म्हणजे पत्ता नव्हे. एकाच नावाच्या दोन पाट्या दोन घरांवर असू शकतात. पाटी बदलली म्हणून घर हलत नाही, आणि तीच पाटी दुसऱ्या घराला लावली तर ओळखीचा माणूस बेधडक आत शिरतो. मामांकडे नेमकं हेच झालं. राउटर नवा, पण पाटी जुनी आणि कुलपाची किल्लीही जुनी. लॅपटॉपनं पाटी वाचली, किल्ली लावली आणि तो आत गेला. काड्या पूर्ण दिसत होत्या, कारण काड्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा रेडिओ लॅपटॉपला किती जोरात ऐकू येतोय. पुढं नेट आहे की नाही, हे काड्यांना ठाऊकच नसतं.

म्हणून एसएसआयडी चुकला तर त्याचं लक्षण वेगळं असतं. वस्तू जोडलीच जात नाही, किंवा यादीत नावच येत नाही. नाव टाकताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. `Aangan` आणि `aangan` ही दोन वेगळी नावं आहेत. राउटरमध्ये नाव बदलून सेव्ह केलं, की बदल करणाऱ्या मोबाइलचंच वायफाय तुटतं. तेव्हा पुष्कळ लोक घाबरतात आणि राउटर बिघडला असं समजतात. खरं तर फोन अजून जुनी पाटी शोधत असतो, त्याला नवी दाखवून पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो.

नाव मराठीत ठेवता येतं का, असं मामींनी विचारलं. येतं, पण एक मर्यादा आहे. एसएसआयडीला ३२ बाइट एवढीच जागा मिळते. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना, वेलांटी, मात्रा ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे देवनागरी नाव जेमतेम १० चिन्हांचं बसतं. 'आंगण' आरामात बसेल, 'आमच्या घराचं आंगण' बसणार नाही. शिवाय काही जुनी उपकरणं अशी नावं यादीत चौकोन-चौकोन करून दाखवतात. आम्ही `Aangan` तसंच ठेवलं.

तर पहिल्या शब्दाचं काम इथं संपलं. लॅपटॉप राउटरपर्यंत पोहोचला होता. आता पुढचं.

सबनेट मास्क: आडनाव कुठं संपतं

राउटरच्या पानावरचा सगळ्यात अनोळखी शब्द हाच, आणि मामांच्या प्रकरणाची किल्लीही याच्यातच होती. म्हणून इथं जरा थांबते.

घरातल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता मिळतो, उदाहरणार्थ `192.168.0.101`. त्यात टिंबांनी तोडलेले चार तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधला असतो. हा पत्ता माणसाच्या नावासारखा वाचा: सुरुवातीचा भाग आडनाव आणि उरलेला भाग स्वतःचं नाव. एकाच आडनावाच्या वस्तू एकाच घरातल्या. त्या एकमेकींशी थेट बोलतात. आडनाव वेगळं असेल तर समोरची वस्तू बाहेरची समजली जाते.

पण आडनाव कुठं संपतं आणि नाव कुठं सुरू होतं, हे पत्त्यावरून कळत नाही. ते सांगायचं काम सबनेट मास्कचं. `255.255.255.0` या मास्कमध्ये जिथं २५५ आहे तो तुकडा आडनावात धरायचा आणि जिथं ० आहे तो नावात. म्हणजे पहिले तीन तुकडे आडनाव, शेवटचा एक नाव. घरगुती राउटरवर बहुतेक वेळा हाच मास्क असतो. त्यात शेवटच्या तुकड्याच्या २५६ किमतींपैकी पहिली आणि शेवटची राखीव राहते, आणि वस्तूंना देण्यासाठी २५४ पत्ते उरतात. घराला ते भरपूर होतात.

आता मामांचा लॅपटॉप. त्याचा पत्ता `192.168.1.50`, म्हणून आडनाव `192.168.1`. राउटर `192.168.0.1`, म्हणून आडनाव `192.168.0`. लॅपटॉपनं हिशेब केला आणि ठरवलं की हा राउटर आपल्या घरातला नाही. दोघं एकाच खोलीत, एकाच वायफायवर, हातभर अंतरावर. पण आकड्यांच्या हिशेबात दोघं परके. म्हणून लॅपटॉपवरून राउटरचं पानसुद्धा उघडत नव्हतं, आणि मला ते मोबाइलवर उघडावं लागलं.

मामांनी आदल्या दिवशी इथंच एक प्रयोग केला होता. त्यांच्या एका मित्रानं सुचवलं, "मास्क `255.255.0.0` करून बघ, म्हणजे दोन्ही आकडे एकाच घरात येतील." हिशेब वरवर बरोबर आहे. त्या मास्कनं आडनाव फक्त `192.168` एवढंच उरतं आणि लॅपटॉपला राउटर घरातला वाटू लागतो. तरीही `ping` या कमांडनं राउटरला हाक दिल्यावर `Request timed out.` एवढंच आलं. मामांना कळेना की एकाच घरातले झाले, तर उत्तर का येत नाही.

कारण मास्क म्हणजे ज्याच्या त्याच्या मनातला हिशेब. लॅपटॉपनं आपला हिशेब बदलला, राउटरनं नाही. राउटरच्या मास्कमध्ये अजून तीन तुकडे आडनावाचेच होते. त्यामुळे लॅपटॉपचा निरोप पोहोचला तरी राउटरला तो `192.168.1` या परक्या आडनावाच्या कुणाकडून तरी आलेला वाटतो, आणि राउटर त्याचं उत्तर घरात न देता बाहेरच्या दारानं पाठवून देतो. उत्तर निघतं, पण चुकीच्या दिशेनं. म्हणून एका घरातल्या सगळ्यांचा मास्क सारखा असावा लागतो. नेट चालत नाही म्हणून मास्कशी खेळू नका, हे मी इतक्या ठामपणे म्हणते ते यासाठी. मास्कच्या बदलानं घरगुती बिघाड क्वचितच सुटतो, पण मूळ लक्षणं मात्र झाकली जातात.

मास्कबद्दल आणखी एक अडचण पुष्कळांना येते. काही स्क्रीनवर मास्क विचारतच नाहीत, 'प्रीफिक्स लेंग्थ' विचारतात. तिथं `255.255.255.0` टाकलं तर चूक दाखवली जाते. तिथं `24` टाकायचं. पत्त्याच्या प्रत्येक तुकड्यात ८ बिट असतात, तीन तुकडे आडनावाचे, म्हणून ८ गुणिले ३ बरोबर २४. अर्थ तोच, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. अँड्रॉइडमध्ये हाताने पत्ता भरताना हेच दिसतं.

गेटवे: बाहेर जायचं दार

घरातल्या घरात बोलायला दार लागत नाही. पण कुठलीही वेबसाइट घराबाहेर असते, आणि बाहेर पडायचं तर दार हवं. वस्तूच्या सेटिंगमध्ये त्या दाराचा पत्ता लिहिलेला असतो, तोच गेटवे. ज्याचं आडनाव आपलं नाही असा कुठलाही निरोप वस्तू डोळे झाकून गेटवेच्या हवाली करते, पुढचं तो बघतो.

घरात हे दार म्हणजे राउटरच. म्हणून वस्तूंसाठी गेटवे हा राउटरचा घरातला पत्ता असतो. वरच्या चौकटीत LAN या भागात गेटवेची ओळच नाही, हे लक्षात आलं का? राउटर स्वतःच दार आहे, त्याला घरात आणखी दार कशाला? त्याच पानावर WAN या भागात मात्र `100.72.0.1` असा गेटवे दिसतो. तो राउटरसाठीचा आहे: राउटरला ज्या दारातून सेवा देणाऱ्यांच्या जाळ्यात जायचं असतं, ते दार. एकाच पानावर दोनदा आलेला हा शब्द नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. LAN म्हणजे घराच्या आतली बाजू, WAN म्हणजे बाहेरची, एवढं धरून वाचलं की गोंधळ मिटतो. बाहेरच्या बाजूला मास्क `255.255.255.255` दिसला म्हणूनही दचकू नका. युजरनेम आणि पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या कनेक्शनमध्ये तो तसाच असतो, कारण तिकडं राउटरला फक्त एका दाराशीच बोलायचं असतं.

लॅपटॉपमध्ये गेटवे `192.168.1.1` होता, म्हणजे जुन्या राउटरचा पत्ता. जुना राउटर तर केव्हाच काढून ठेवला होता. लॅपटॉप जिथं दार होतं तिथं जाऊन हाका मारत होता, आणि तिथं आता दार नव्हतं. इंटरनेटवरच्या एका ठरलेल्या पत्त्याला हाक मारून पाहिली:

```
ping 8.8.8.8
Reply from 192.168.1.50: Destination host unreachable.
```

ही ओळ नीट वाचण्यासारखी आहे. `Reply from` बघून मामा म्हणाले, "अगं, उत्तर आलं की!" पण उत्तर कुणाकडून आलं, ते पाहा. `192.168.1.50` हा लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता. लॅपटॉप स्वतःलाच सांगतोय की मला दार सापडत नाही. गेटवे चुकल्याची इतकी स्पष्ट खूण दुसरी क्वचितच मिळते.

मामांनी आपल्या परीनं फक्त गेटवेचा आकडा `192.168.0.1` करून पाहिला होता. तेव्हा विंडोजनं इशारा दिला, की तुम्ही दिलेला पत्ता आणि मास्क पाहता हा गेटवे तुमच्या नेटवर्कमध्ये नाही, तरी सेव्ह करायचं का? मामांनी 'नाही' दाबलं, आणि योग्यच केलं. दार आपल्याच घराला असावं लागतं. दाराचा पत्ता बदलायचा तर आधी आपलं आडनाव त्या घराचं हवं. म्हणून पत्ता आणि गेटवे हे दोन आकडे नेहमी जोडीनं बदलतात.

मग आम्ही लॅपटॉपचा पत्ता `192.168.0.50` केला, मास्क `255.255.255.0`, गेटवे `192.168.0.1`. `ping 192.168.0.1` दिल्यावर लगेच उत्तर आलं, तेही राउटरकडून. `ping 8.8.8.8` दिल्यावरही बाहेरून उत्तर आलं. नेट सुरू झालं होतं. मामांनी आनंदानं ब्राउझर उघडला, विकिपीडियाचा पत्ता टाकला, आणि पान उघडलं नाही.

डीएनएस: नावावरून पत्ता सांगणारी वही

हा क्षण मला मुद्दाम नोंदवावासा वाटतो, कारण इथं खूप जण हात टेकतात आणि सगळं पहिल्यापासून बदलायला घेतात. काहीही परत बदलायची गरज नव्हती. चारपैकी तीन गोष्टी बरोबर झाल्या होत्या, चौथी उरली होती.

आपण ब्राउझरमध्ये नाव टाकतो, `wikipedia.org`. पण निरोप नावानं जात नाही, आकड्यांच्या पत्त्यावर जातो. नाव दिलं की पत्ता सांगणारी जी सोय आहे, ती डीएनएस. फोनमध्ये आपण नाव शोधतो आणि फोन नंबर लावतो, तसं. फरक एवढाच की ही वही तुमच्याजवळ नसते. ती बाळगणाऱ्या सर्व्हरचा पत्ता तुमच्या सेटिंगमध्ये असतो आणि दरवेळी त्याला विचारावं लागतं. इंटरनेट लहान असताना सगळ्या कॉम्प्युटरची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये ठेवून ती सगळीकडे वाटली जायची. ती फाइल सांभाळणं हाताबाहेर जायला लागलं, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली.

मामांच्या लॅपटॉपमध्ये डीएनएस अजून `192.168.1.1` होता. पुन्हा तोच बंद पडलेला जुना राउटर. बाहेर जायला दार होतं, पण नावाचा पत्ता विचारायला माणूसच नव्हता. कमांड दिल्यावर हे आलं:

```
nslookup wikipedia.org
DNS request timed out.
    timeout was 2 seconds.
Server:  UnKnown
Address:  192.168.1.1
```

शेवटची ओळ बघा. इथं विकिपीडियाचा पत्ता आलेला नाही. लॅपटॉपनं ज्याला विचारलं त्याचा पत्ता दाखवलाय, आणि तिकडून उत्तर नाही. म्हणून आकड्याला हाक दिली तर उत्तर येतं, नावाला दिली तर नाही. हे लक्षण दिसलं की दोष डीएनएसचा. वायफाय, मास्क, गेटवे यांना हात लावू नका.

डीएनएसच्या जागी `192.168.0.1` टाकलं आणि विकिपीडिया उघडलं. वही खरोखर राउटरकडे असते असं नाही. बहुतेक घरगुती राउटर विचारलेलं नाव पुढं सेवा देणाऱ्यांच्या डीएनएसकडे पाठवतात, इथं `100.72.0.53` कडे, आणि आलेलं उत्तर वस्तूला देतात. कुणी इथं `8.8.8.8` किंवा `1.1.1.1` असे सगळ्यांसाठी खुले असलेले डीएनएस टाकतात. तेही चालतं. पण त्यानं नेटचा वेग वाढतो असं समजू नका. नाव विचारण्यात थोडा वेळ वाचेल किंवा वाचणार नाही. एकदा पत्ता मिळाला की व्हिडिओ येतो तो त्याच तारेवरून, त्याच वेगानं.

मग बाकीच्या वस्तू कशा चालल्या?

मामांचा पुढचा प्रश्न हाच होता. मोबाइलमध्ये कुणीच काही भरलं नव्हतं, तरी तो चालला. त्याचं उत्तर लॅपटॉपच्या यादीतल्या पहिल्या ओळीत आहे: `DHCP Enabled: No`. डीएचसीपी म्हणजे राउटरनं आपणहून वाटप करणं. वस्तू जोडली गेली की ती विचारते, मी कोण? राउटर तिला पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस असे चारही आकडे एकदम देतो. राउटर बदलला की नवे आकडे आपोआप मिळतात. मोबाइल आणि टीव्हीला ते मिळाले. लॅपटॉपनं मात्र विचारणंच बंद केलेलं होतं, कारण काही वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात आकडे हातानं भरून ठेवले होते.

का भरले, तेही सापडलं. मामांचा प्रिंटर स्कॅन केलेले कागद थेट लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये पाठवतो, आणि त्यासाठी प्रिंटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता भरलेला आहे. तो पत्ता बदलू नये म्हणून लॅपटॉपवर पक्का केला गेला होता. हेतू बरोबर होता, पण राउटर बदलला की असे हातानं भरलेले आकडे मागच्या घराचे ठरतात.

इथं दोन मार्ग होते. एक म्हणजे नव्या राउटरचाच घरातला पत्ता बदलून `192.168.1.1` करायचा. मग लॅपटॉप, प्रिंटर, सगळं जुन्या आकड्यांवर जसंच्या तसं चाललं असतं. ज्या घरात किंवा ऑफिसात दहा-बारा वस्तूंमध्ये हातानं आकडे भरलेले आहेत, तिथं मी हेच करीन. आणि त्यात नियमबाह्य काही नाही: `192.168` नं सुरू होणारे पत्ते घरांसाठी आणि ऑफिसांसाठी राखून ठेवलेले आहेत, ते प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा वापरता येतात. मामांकडे हातानं भरलेली वस्तू एकच होती, म्हणून दुसरा मार्ग घेतला. लॅपटॉपमध्ये पत्ता आणि डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिक' केले, आणि राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये लॅपटॉपसाठी `192.168.0.50` राखून ठेवला. पत्ता पक्काच राहतो, पण तो राउटरच्या पानावर लिहिलेला असतो, लॅपटॉपच्या पोटात लपलेला नसतो. एक काळजी घ्यावी लागते: लॅपटॉपमध्ये विंडोजनं वायफायसाठी 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' चालू ठेवला असेल तर तो बंद करायचा, कारण राउटर वस्तूला त्या हार्डवेअर ॲड्रेसवरूनच ओळखतो.

एक सावधगिरी सांगायला हवी. मामांच्या राउटरवर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत बंद होती. ती चालू असली, तर लॅपटॉपला तिचे आकडे वेगळ्या वाटेनं आपोआप मिळतात, आणि जुन्या पद्धतीचे आकडे चुकलेले असूनही काही वेबसाइट उघडतात, काही नाहीत. असं अर्धवट चित्र दिसलं, तरी वरचे दोन `ping` आणि एक `nslookup` याच क्रमानं करून बघावेत. आकड्यांच्या पत्त्यावर दिलेला `ping` जुन्या पद्धतीचीच वाट तपासतो.

शेवटी प्रिंटरच्या पानावर लॅपटॉपचा पत्ता `192.168.1.50` चा `192.168.0.50` केला. मामींनी विजेचं बिल काचेवर ठेवून स्कॅनचं बटण दाबलं, आणि मामा फोल्डर उघडून फाइल येते का ते बघत बसले. ती आली.